एफडीच्या पावतीवर छापलेली रक्कम आणि हातात पडणारी रक्कम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या ठेव विभागात बसलं की एक प्रसंग हमखास घडतो. मुदत संपलेली पावती घेऊन कुणीतरी येतं, छापलेल्या आकड्यावर बोट ठेवतं आणि विचारतं, "इथे नऊ लाख पंच्याऐंशी हजार लिहिलंय, खात्यात नऊ लाख एकाहत्तर कसे आले?" बहुतेक वेळा बँकेचं चुकलेलं नसतं, ग्राहकाचंही चुकलेलं नसतं. पावती अर्धीच वाचलेली असते, एवढंच. खालची सगळी उत्तरं एकाच पावतीच्या आधाराने दिली आहेत, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.

ती पावती अशी: ठेव ₹८,००,०००, व्याजदर वार्षिक ७ टक्के, मुदत ३६ महिने, ठेव सुरू १ जुलै २०२५, मुदतपूर्ती १ जुलै २०२८. ठेवीदार साठीच्या आतला, निवासी भारतीय, पॅन नोंदवलेला. पावती कुठल्या एका बँकेची नाही, आणि दर हिशेब समजावा म्हणून धरला आहे.

पावती हातात आली की आधी काय पाहायचं?

नाव, पॅन आणि नॉमिनी तर पाहायचेच. पैशांच्या बाजूने मात्र तीन गोष्टी एकत्र वाचायच्या असतात: मुदतपूर्तीची रक्कम म्हणजे मॅच्युरिटी व्हॅल्यू, व्याज कधी मिळणार तो पर्याय, आणि मुदत संपल्यावर काय करायचं ती सूचना. तिन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत छापलेल्या असतात. टीडीएसबद्दल एखादी बारीक ओळ तळाशी किंवा मागच्या बाजूला असते, "व्याजावर नियमानुसार कर कापला जाईल" अशा अर्थाची. सगळा घोळ त्या ओळीत आहे, पण ती वाचण्याआधी वरच्या तिन्ही गोष्टी नीट लागल्या पाहिजेत.

मॅच्युरिटी व्हॅल्यू बँक कशी काढते? मला घरी पडताळता येईल का?

येईल, आणि पडताळावीच. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या ठेवीवर आपल्याकडच्या बँका साधारणपणे दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळवतात. म्हणजे ७ टक्क्यांचे चार भाग, दर तिमाहीला १.७५ टक्के. तीन वर्षांत अशा बारा तिमाही. पहिल्या तिमाहीत ८ लाखांवर ₹१४,००० व्याज, दुसऱ्या तिमाहीत ₹८,१४,००० वर ₹१४,२४५, असं वाढत जातं.

कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत निघतं:

```
=FV(7%/4, 12, 0, -800000)
```

उत्तर येतं ९,८५,१५१.४५. पावतीवर ₹९,८५,१५१ छापलेलं असेल तर हिशेब जुळला. दोन-चार रुपयांचा फरक पैसे पूर्णांकात घेतल्यामुळे पडू शकतो. हजारांचा फरक दिसला तर मात्र थांबायचं. मुदत महिन्यांत नसून दिवसांत असेल, दर वेगळा लागला असेल, नाहीतर पर्यायच दुसरा नोंदला गेला असेल.

मुदत पूर्ण तिमाहींत बसत नसेल, समजा ४०० दिवस, तर बऱ्याच बँका पूर्ण तिमाहींना चक्रवाढ लावतात आणि उरलेल्या दिवसांचं साधं व्याज धरतात. तिथे वरचं सूत्र तंतोतंत जुळणार नाही. जवळपास आलं तरी पुरे.

जाहिरातीत "वार्षिक परतावा" सात टक्क्यांहून जास्त दिसतो. मग पावतीवरचा दर खोटा का?

खोटा नाही. आपल्या उदाहरणात तीन वर्षांत एकूण व्याज ₹१,८५,१५१ होतं. त्याला ८ लाखांनी आणि मग तीन वर्षांनी भागलं की वर्षाला साधारण ७.७ टक्के दिसतात. ही नुसती सरासरी आहे, तिच्यात चक्रवाढीचा फुगवटा मिसळलेला आहे. मुदत जितकी लांब, तितका हा आकडा मोठा दिसतो, दर तोच असला तरी. दोन बँकांची तुलना करायची असेल तर व्याजदराच्या रकान्याची करा, परताव्याच्या नाही.

व्याजाचा पर्याय कोणता नोंदलाय हे पावतीवरून कसं कळेल? तिथे तर इंग्रजी आद्याक्षरं आहेत.

प्रत्येक बँकेची भाषा वेगळी. कुणी क्युम्युलेटिव्ह लिहितं, कुणी रिइन्व्हेस्टमेंट. स्टेट बँकेत टीडीआर म्हणजे ठरावीक काळाने व्याज हातात देणारी ठेव आणि एसटीडीआर म्हणजे व्याज मुद्दलात मिळवत जाणारी ठेव. एका अक्षराचा फरक, पण तीन वर्षांच्या हिशेबाला तो पुरतो.

ही नावं लक्षात ठेवायची गरज नाही. त्याहून सोपी खूण आहे: मॅच्युरिटी व्हॅल्यूचा आकडाच पर्याय सांगतो. ती मुद्दलाहून बरीच जास्त असेल तर व्याज साठत जाणार आहे. ती मुद्दलाइतकीच, म्हणजे बरोबर ₹८,००,००० असेल, तर व्याज मधल्या काळात तुमच्या खात्यात येत राहणार आणि शेवटी फक्त मुद्दल परत मिळणार. काउंटरवर "तीन वर्षांनी एकदम हवेत" असं सांगितलेलं असेल आणि पावतीवर मुद्दलाइतकाच आकडा दिसला, तर त्याच दिवशी परत जा. ठेव नुकती केलेली असते तोवर दुरुस्ती सहज होते. वर्षभराने ठेव मोडून नवी करावी लागते, आणि तोपर्यंतचं व्याज बचत खात्यात पडून खर्चही झालेलं असतं.

दरमहा व्याज घेतलं तर आठ लाखांवर ₹४,६६७ मिळायला हवेत. मला ₹४,६४० च येतात. कुठे गेले सत्तावीस रुपये?

हा प्रश्न विचारणारी माणसं मला आवडतात, कारण त्यांनी स्वतः भागाकार केलेला असतो. ८ लाखांचे ७ टक्के ₹५६,०००, भागिले बारा, ₹४,६६६.६७. भागाकार बरोबर आहे. पण बँकेचा मूळ हिशेब तिमाहीचा आहे, तिमाही संपल्यावर ₹१४,०००. तुम्ही त्यातला पहिला हप्ता दोन महिने आधी आणि दुसरा एक महिना आधी घेता. लवकर घेतलेल्या पैशांवरचं व्याज बँक वजा करते. तीन सारखे मासिक हप्ते तिमाहीअखेर बरोबर ₹१४,००० च्या मोलाचे ठरावेत असा हप्ता काढला की तो ₹४,६३९.५५ येतो. यात करकपातीचा काही संबंध नाही. पावतीवर मासिक पर्यायासमोर ७ ऐवजी किंचित कमी दर छापलेला दिसला, तर त्याचंही कारण हेच.

तिमाही पर्याय घेतला तर पूर्ण ₹१४,००० येतात, कपात नसेल तेव्हा.

"पेआउट" आणि "मॅच्युरिटी इन्स्ट्रक्शन" एकच ना?

नाही, आणि यावरून सर्वात जास्त मनस्ताप होतो. पहिला शब्द मधल्या व्याजाचं काय करायचं ते सांगतो. दुसरा शेवटच्या दिवशी काय करायचं ते सांगतो. साठत जाणाऱ्या ठेवीवर "मुद्दल आणि व्याज दोन्ही पुन्हा गुंतवा" अशी सूचना असेल, तर १ जुलै २०२८ ला तुमच्या खात्यात एक रुपयाही येणार नाही. सगळी रक्कम त्या दिवशीच्या दराने आणि साधारणपणे तितक्याच मुदतीसाठी पुन्हा अडकेल. मोबाइल अॅपवरून ठेव करताना हा पर्याय बऱ्याचदा आधीच निवडलेला असतो. फ्लॅटचा हप्ता, मुलीची फी अशा ठरलेल्या तारखेच्या खर्चासाठी ठेव असेल, तर "खात्यात जमा करा" असंच नोंदलेलं आहे ना हे पावतीवर बघून घ्या. ही सूचना मुदत संपेपर्यंत बदलता येते, त्यासाठी ठेव मोडावी लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. छापलेली मॅच्युरिटी व्हॅल्यू टीडीएस कापून आहे की कापण्याआधीची?

कापण्याआधीची. पावती छापताना पुढच्या तीन वर्षांत तुमच्या व्याजावर कर कापला जाईल की नाही हे बँकेला माहीत नसतं. तुमच्या त्याच बँकेत आणखी ठेवी होतील का, तुम्ही साठी गाठाल का, आपला कर शून्य असल्याचं स्वघोषणापत्र द्याल का, यावर ते ठरतं. म्हणून पावतीवर फक्त व्याजाचं गणित छापलेलं असतं. कुठेही कपात झाली नाही तर ठेव कुठवर पोचेल, त्याचा तो आकडा आहे. कपात झाली की ठेव तिथे पोचत नाही.

टीडीएस नेमका कधी लागतो?

१ एप्रिल २०२५ पासूनचा नियम असा: एका बँकेत, एका पॅनवर, एका आर्थिक वर्षातलं मुदत ठेवींचं एकूण व्याज ₹५०,००० च्या वर गेलं तर १० टक्के कपात. ज्येष्ठ नागरिकांसाठी, म्हणजे त्या वर्षात साठ पूर्ण होत असतील त्यांच्यासाठी, ही मर्यादा ₹१,००,००० आहे. त्याआधी या मर्यादा अनुक्रमे ₹४०,००० आणि ₹५०,००० होत्या. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर दर २० टक्के होतो.

हे कलम १९६१ च्या आयकर कायद्यात १९४ए या क्रमांकाने ओळखलं जायचं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले. खालच्या उदाहरणात पुढच्या वर्षांसाठीही मर्यादा आणि दर हेच धरले आहेत.

व्याज मोजताना बँक सगळ्या शाखांची बेरीज करते. कोअर बँकिंग असलेल्या बँकांना २०१५ पासून तसं बंधनच आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या. म्हणून चार लाख डेक्कनच्या शाखेत आणि चार लाख कोथरूडच्या शाखेत ठेवून काही साधत नाही. आवर्ती ठेवीचं, म्हणजे आरडीचं व्याजही या बेरजेत येतं. बचत खात्याचं येत नाही.

मर्यादेच्या वरच्या रकमेवरच कर कापतात असा एक पक्का गैरसमज आहे. तसं नाही. व्याज ₹६०,४०० झालं तर कपात ₹१,०४० ची नसते, ती ₹६,०४० ची असते. उंबरठा ओलांडला की सगळं व्याज हिशेबात येतं.

मग आठ लाखांच्या पावतीवर शेवटी किती मिळतील? वर्षावार दाखवाल का?

ठेवीदाराची त्या बँकेत दुसरी ठेव नाही, स्वघोषणापत्र दिलेलं नाही, आणि बँक कर ठेवीतल्या व्याजातूनच कापते असं धरू. तिमाहीही सोयीच्या आहेत, कारण ठेव १ जुलैला सुरू झाली.

पहिलं आर्थिक वर्ष २०२५-२६. इथे ठेवीला फक्त नऊ महिने मिळतात, म्हणजे तीन तिमाही. व्याज होतं ₹४२,७३९. मर्यादेच्या आत, कपात शून्य. मार्चअखेर ठेव ₹८,४२,७३९. एप्रिल २०२६ मध्ये अॅपवर हा आकडा पाहून माणूस निर्धास्त होतो. छापलेल्या गणिताशी तो रुपयापर्यंत जुळतो.

दुसरं वर्ष २०२६-२७. ठेव तीच, दर तोच, पण आता पूर्ण बारा महिने आणि वाढलेलं मुद्दल. वर्षाचं व्याज पन्नास हजारांपुढे जाणार हे बँकेच्या संगणकाला एप्रिलमध्येच दिसतं, म्हणून पहिल्याच तिमाहीपासून कपात सुरू होते. दर तिमाहीच्या १.७५ टक्क्यांतले ०.१७५ सरकारकडे जातात, ठेवीत १.५७५ मिळतात. वर्षभरात व्याज ₹६०,४००, कर ₹६,०४०, मार्चअखेर ठेव ₹८,९७,०९९.

तिसरं वर्ष २०२७-२८. व्याज ₹६४,२९६, कर ₹६,४३०, मार्चअखेर ठेव ₹९,५४,९६६.

चौथ्या वर्षात ठेवीला एप्रिल ते जून २०२८ एवढी एकच तिमाही मिळते. व्याज ₹१६,७१२. मर्यादेच्या आत आहे, म्हणून कपात नाही. १ जुलै २०२८ ला खात्यात येतात ₹९,७१,६७८.

छापलेल्या आकड्यापेक्षा ₹१३,४७४ कमी. त्यातला कर ₹१२,४७० चा. उरलेले सुमारे ₹१,००४ कुठे गेले? कापला गेलेला कर ठेवीत राहिला असता तर त्यावर पुढे जे व्याज मिळालं असतं, ते हे. हा भाग कुठल्याही कर प्रमाणपत्रात दिसत नाही, म्हणूनच ग्राहकाला "बँकेने हजार रुपये जास्त खाल्ले" असं वाटतं. विवरणपत्र भरून कर परत मिळाला तरी हे हजार रुपये परत येत नाहीत. कारण ते कोणी घेतलेलेच नाहीत.

हे हजार रुपये वाचवता येतात का?

बऱ्याच बँका विचारतात की कर ठेवीतल्या व्याजातून कापायचा की जोडलेल्या बचत खात्यातून. बचत खाते दिलंत तर ठेव छापलेल्या आकड्यावर, ₹९,८५,१५१ च्या आसपास, पोचते. कर तेवढाच किंवा किंचित जास्त जातो, कारण व्याज थोडं मोठं होतं. पण ठेवीतल्या चक्रवाढीला धक्का लागत नाही. तिमाहीच्या शेवटी बचत खात्यात तेवढी शिल्लक मात्र हवी. नसेल तर काही बँका गपचूप ठेवीकडे वळतात.

माझी तिमाही व्याज देणारी ठेव आहे. नेहमी ₹१४,००० येत होते, जानेवारी ते मार्चचं व्याज एकदम कमी आलं. का?

मध्ये कुठेतरी उंबरठा ओलांडला गेला. समजा २०२५-२६ मध्ये तीन तिमाहींचे ₹४२,००० होणार होते, म्हणून सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये पूर्ण रक्कम मिळाली. जानेवारीत तुम्ही त्याच बँकेत दुसरी मोठी ठेव केलीत, आणि तिच्या तीन महिन्यांच्या व्याजाचे ₹९,००० धरून बेरीज ₹५१,००० झाली. आता कर ₹५,१०० होतो, सगळ्या वर्षाचा. आधीच्या दोन तिमाहींत काही कापलेलं नसल्याने बँक तो उरलेल्या व्याजातून एकदम वसूल करते. त्यामुळे मार्चमध्ये दोन्ही ठेवींचे मिळून ₹२३,००० येण्याऐवजी ₹१७,९०० येतात. हा दंड नव्हे, मागची थकबाकी आहे.

३१ मार्चला ठेवीच्या खात्यात लहानशी विचित्र कपात दिसते. तेव्हा तर व्याजाची तारीखही नव्हती.

तुमची ठेव समजा २० फेब्रुवारीला सुरू झाली. तिची तिमाही १९ मेला संपते, पण आर्थिक वर्ष ३१ मार्चला. तोवर जमलेलं, अजून तुमच्या खात्यात न आलेलं व्याज बँक आपल्या वहीत धरते, आणि त्यावरही कर कापावा लागतो. म्हणून मार्चअखेरीला एक जादा ओळ दिसते.

साठत जाणाऱ्या ठेवीचं व्याज तर तीन वर्षांनी मिळणार. मग कर दरवर्षी का?

कारण बँकेच्या दृष्टीने ते दरवर्षी तुमच्या नावावर जमा होतं, हातात आलं नसलं तरी. तुमच्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये आणि वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, ते त्या त्या वर्षात दिसतं. विवरणपत्रातही दरवर्षी तेवढं व्याज दाखवत गेलं की कापलेल्या कराशी जोडी जुळते. सगळं व्याज शेवटच्या वर्षी दाखवायचं ठरवलं, तर कराचं श्रेय एका वर्षात आणि उत्पन्न दुसऱ्या वर्षात असा घोळ होतो, शिवाय एकाच वर्षी उत्पन्न फुगतं.

दहा टक्के कापले म्हणजे कर संपला, असंही नाही. तुम्ही वीस किंवा तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उरलेला कर स्वतः भरायचा असतो. आणि ज्या वर्षी कपात झाली नाही, जसं २०२५-२६ चे ₹४२,७३९, तेही करपात्र उत्पन्नच आहे. टीडीएसची मर्यादा ही करमाफीची मर्यादा नव्हे.

१५जी आणि १५एच कोणी द्यायचे?

वर्षाच्या एकूण अंदाजित उत्पन्नावर ज्यांचा कर शून्य आहे, त्यांनी. साठीच्या आतल्यांसाठी १५जी, ज्येष्ठांसाठी १५एच, ही स्वघोषणापत्राची नावं लोकांच्या तोंडी बसलेली आहेत. काउंटरवर किंवा अॅपवर त्या वर्षासाठी जो नमुना चालू असेल तो भरायचा. साठीच्या आतल्यांना आणखी एक अट असते: अशा व्याजाची वर्षाची बेरीज करमुक्त मूळ मर्यादेच्या वर जाता कामा नये. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी ती मर्यादा ₹४,००,००० आहे. ज्येष्ठांना ही दुसरी अट नाही.

हे पत्र दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावं लागतं, प्रत्येक बँकेला वेगळं, आणि एप्रिलमध्येच दिलेलं बरं. ऑगस्टमध्ये दिलंत तर जूनअखेर कापलेला कर बँक परत करत नाही, तो सरकारजमा झालेला असतो. तेवढ्यासाठी विवरणपत्र भरून परतावा मागावा लागतो. गेल्या वर्षी दिलं होतं म्हणून यंदा विसरलेली मंडळी मी दर जुलैत पाहिली आहेत.

संयुक्त ठेवीत कर कोणाच्या नावावर कापतात?

पहिल्या नावावर. नवरा-बायकोच्या ठेवीत पावतीवर ज्याचं नाव आधी, त्याच्या पॅनवर. ज्येष्ठ असल्याचा जास्तीचा दर आणि मोठी मर्यादाही पहिल्या नावाच्या वयावरूनच ठरते. ठेव करताना नावांचा क्रम सहज लिहिला जातो. नंतर तो बदलायचा तर बहुधा नवी ठेवच करावी लागते.

मध्येच मोडली तर पावतीवरच्या आकड्याचं काय होतं?

तो निरुपयोगी होतो. ठेव जितका काळ राहिली त्या मुदतीचा, ठेव केली त्या दिवशीचा दर लागतो, आणि त्यातून दंड वजा होतो. समजा १ जुलै २०२६ ला मोडली, ठेव केली त्या दिवशी एक वर्षाचा दर ६.७५ टक्के होता आणि दंड एक टक्का. मग हिशेब ५.७५ टक्क्यांनी, हाती ₹८,४७,००१. तोवर अॅपवर सुमारे ₹८,५७,००० दिसत असतात. आधी सात टक्क्यांनी धरलेलं व्याज बँक मागे घेते. आधी कर कापला गेला असेल तर तो मात्र तुमच्या पॅनवर जमा असतोच, २६एएसमध्ये पाहून विवरणपत्रात मागून घ्या.

छापलेल्यापेक्षा कमी रक्कम आली आहे. बँकेत जाण्याआधी मी काय तपासू?

ठेवीच्या खात्याचा उतारा काढा, पावती नव्हे. त्यात दर तिमाहीला व्याजाची एक ओळ आणि कपात असेल तर टीडीएसची दुसरी ओळ असते. पहिल्या तिमाहीचं व्याज ₹१४,००० आहे का पाहा. असेल तर दर बरोबर लागला. मग टीडीएसच्या सगळ्या ओळींची बेरीज करा आणि ती बँकेने दिलेल्या करकपातीच्या प्रमाणपत्रातल्या, म्हणजे फॉर्म १६एमधल्या, किंवा २६एएसमधल्या त्याच बँकेच्या आकड्यांशी ताडा. जुळली, आणि उरलेला फरक कराच्या बेरजेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असला, तर तो चक्रवाढीचा आहे. आपल्या उदाहरणात ₹१२,४७० ला ₹१,००४.

उताऱ्यात कर कापलेला आहे पण २६एएसमध्ये नाही, असं आढळलं तर तक्रारीला खरा आधार आहे. आधी तारीख पाहा, कारण तिमाहीची माहिती सरकारकडे पोचून तिथे दिसायला काही आठवडे लागतात. त्यानंतरही दिसत नसेल तर बहुधा पॅनचा एखादा अंक चुकीचा नोंदलेला असतो, आणि तुमचा कर दुसऱ्याच कुणाच्या खात्यात जमा होत असतो. अशा वेळी बँकेला दुरुस्त विवरण भरायला लेखी सांगायचं आणि अर्जाची पोच घ्यायची.

मुदत संपून आठ महिने झाले, पावती कपाटातच राहिली. व्याज चालू असेल ना?

आपोआप नूतनीकरणाची सूचना असेल तर ठेव पुन्हा सुरू झालेली असेल, नव्या दराने. सूचना नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या आदेशाप्रमाणे बचत खात्याचा दर आणि ठेवीचा ठरलेला दर यांतला जो कमी, तो मिळतो. म्हणजे सात टक्क्यांची ठेव बचत खात्याच्या दरावर आठ महिने पडून राहिलेली असते.